स्प्रिंग जोडली की आयगेनमूल्ये का घटत नाहीत

मित्रहो, आजचा विषय सममित मॅट्रिक्सच्या आयगेनमूल्यांविषयीची एक असमता हा आहे. तिचे विधान एका वाक्यात मावते, पण ते वाक्य घाईने वाचले तर त्याचा अर्थ हमखास चुकतो. म्हणून आधी विधान नीट मांडतो, मग ते एका छोट्या उदाहरणावर तपासू, आणि त्यानंतर ते कोणत्या अटींमुळे खरे ठरते आणि कोणती अट सोडली की कोसळते, ते पाहू.

A ही n ओळी आणि n स्तंभ असलेली, वास्तव संख्यांची सममित मॅट्रिक्स आहे असे समजा. अशा मॅट्रिक्सची सर्व n आयगेनमूल्ये वास्तव असतात आणि तिचे आयगेनसदिश परस्परांना लंब असे निवडता येतात. ही आयगेनमूल्ये आपण नेहमी चढत्या क्रमाने लिहू: सर्वांत लहान ते पहिले, सर्वांत मोठे ते n-वे. दुसरी मॅट्रिक्स B हीसुद्धा सममित आहे आणि शिवाय धन-अर्धनिश्चित आहे, म्हणजे कोणताही सदिश x घेतला तरी xᵀBx ही संख्या शून्य किंवा धन येते, ऋण कधीच येत नाही. तर विधान असे की, प्रत्येक k साठी

```
λₖ(A) ≤ λₖ(A + B),     k = 1, 2, ..., n
```

यातला 'प्रत्येक k साठी' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. आयगेनमूल्यांची बेरीज वाढते एवढेच सांगायचे असते, तर काम एका ओळीत संपले असते, कारण ती बेरीज म्हणजे कर्णावरच्या घटकांची बेरीज, आणि धन-अर्धनिश्चित मॅट्रिक्सच्या कर्णावर ऋण संख्या येऊच शकत नाही. येथे त्याहून बरेच अधिक म्हटले आहे: पहिले आयगेनमूल्य पहिल्याच्या खाली जात नाही, दुसरे दुसऱ्याच्या खाली जात नाही, आणि असेच शेवटपर्यंत. एक वाढले आणि त्याची भरपाई म्हणून दुसरे घटले, असे येथे होत नाही.

या विधानाचा भौतिक अर्थ लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात कंपनांच्या संदर्भात ओळखला होता. त्यांच्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला खंड १८७७ साली प्रसिद्ध झाला. कंपन पावणाऱ्या प्रणालीची वस्तुमाने तशीच ठेवून तिचा ताठपणा वाढवला, तर तिची कोणतीही नैसर्गिक वारंवारता कमी होत नाही, हा तो अर्थ. मॅट्रिक्सच्या भाषेतील असमतेला पुढे हेरमान वाइल यांचे नाव मिळाले. पोकळीतील प्रारणाच्या वारंवारता उच्च टोकाला कशा विखुरलेल्या असतात, हा प्रश्न लोरेंट्स यांनी १९१० मध्ये गटिंगेन येथील व्याख्यानांत उपस्थित केला होता. त्याचे उत्तर देणाऱ्या वाइल यांच्या १९१२ च्या लेखात बेरजेच्या आयगेनमूल्यांविषयीच्या या असमता साधन म्हणून येतात. मला रॅले यांची बाजू अधिक जवळची वाटते, कारण तेथे B म्हणजे काय ते हाताने दाखवता येते, आणि म्हणून उदाहरणही मी तेथूनच घेतो.

दोन भिंतींच्या मध्ये एका सरळ रेषेत प्रत्येकी १ किलोग्रॅमचे दोन ठोकळे ठेवले आहेत असे समजा. डावी भिंत आणि पहिला ठोकळा, पहिला ठोकळा आणि दुसरा, दुसरा ठोकळा आणि उजवी भिंत, अशा तीन स्प्रिंगा आहेत आणि प्रत्येकीचा स्थिरांक १ न्यूटन प्रतिमीटर आहे. ठोकळे आपल्या संतुलनस्थितीपासून अनुक्रमे x आणि y इतके सरकले, तर तीन स्प्रिंगांमधील ताण अनुक्रमे x, x − y आणि y या लांबींवर अवलंबून असतो, आणि साठलेल्या ऊर्जेची दुप्पट ही

```
x² + (x − y)² + y²  =  2x² − 2xy + 2y²

        A = [  2  −1 ]
            [ −1   2 ]
```

इतकी येते. उजव्या बाजूचे द्विघाती रूप ज्या मॅट्रिक्सचे आहे, ती आपली A. हिचे एक आयगेनमूल्य १ आहे आणि त्याचा सदिश (१, १), म्हणजे दोन्ही ठोकळे एकाच दिशेने सारखेच सरकतात आणि मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. दुसरे आयगेनमूल्य ३ आहे आणि त्याचा सदिश (१, −१), म्हणजे ठोकळे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने हलतात आणि मधल्या स्प्रिंगेवर दुप्पट ताण येतो. वस्तुमाने १ असल्यामुळे आयगेनमूल्याचे वर्गमूळ म्हणजेच त्या कंपनाची कोनीय वारंवारता होय.

आता पहिल्या ठोकळ्याला डाव्या भिंतीशी जोडणारी आणखी एक स्प्रिंग लावू, आणि तिचा स्थिरांक १.५ घेऊ. साठलेल्या ऊर्जेच्या दुपटीत १.५ x² ही एकच नवी राशी मिळते. ती कधीही ऋण नसते, कारण स्प्रिंग ताणली किंवा दाबली तरी तिच्यात ऊर्जा साठतेच. धन-अर्धनिश्चित असण्याचा येथील अर्थ तो हाच.

```
B = [ 1.5  0 ]        A + B = [ 3.5  −1 ]
    [  0   0 ]                [ −1    2 ]
```

नव्या मॅट्रिक्सच्या कर्णाची बेरीज ५.५ आहे आणि निश्चयक ३.५ × २ − १ = ६ आहे. ज्या दोन संख्यांची बेरीज ५.५ आणि गुणाकार ६, त्या १.५ आणि ४. म्हणजे १ चे १.५ झाले आणि ३ चे ४ झाले. दोन्ही वाढले, पण सारखे नाही: पहिले ०.५ ने आणि दुसरे १ ने. या दोन वाढींची बेरीज १.५ येते, आणि ती B च्या कर्णाची बेरीज आहे. हाताने केलेल्या गणिताची ही पहिली तपासणी मी नेहमी करून पाहतो, कारण ही बेरीज जुळली नाही तर चूक गणितातच आहे.

आता हे का होते याकडे वळू. सिद्धतेचा सारा भार एका गुणोत्तरावर आहे. शून्य नसलेला कोणताही सदिश x घ्या आणि xᵀAx ला xᵀx ने भागा. याला रॅले गुणोत्तर म्हणतात, आणि मी ते R(A, x) असे लिहीन. A चे परस्पर लंब आणि एकक लांबीचे आयगेनसदिश v₁, v₂, ..., vₙ असतील आणि एकक लांबीचा x हा c₁v₁ + c₂v₂ + ... + cₙvₙ असा लिहिला असेल, तर

```
R(A, x) = c₁²λ₁ + c₂²λ₂ + ... + cₙ²λₙ,     c₁² + c₂² + ... + cₙ² = 1
```

म्हणजे हे गुणोत्तर आयगेनमूल्यांची भारित सरासरी आहे. सरासरी ही सर्वांत लहान संख्येच्या खाली आणि सर्वांत मोठ्या संख्येच्या वर जाऊ शकत नाही. आणि x जर फक्त काही ठरावीक आयगेनसदिशांपासून बनलेला असेल, तर सरासरीत तेवढीच आयगेनमूल्ये येतात, म्हणून ती त्यांच्याच सीमांमध्ये राहते. यापलीकडे सममित मॅट्रिक्सविषयी आपल्याला काही लागणार नाही.

दुसरी गोष्ट व्याख्येतूनच मिळते. R(A + B, x) म्हणजे R(A, x) अधिक R(B, x), आणि यातला दुसरा भाग कधी ऋण नसतो. म्हणून कोणताही एकच सदिश धरून ठेवला, तर B मिळवल्याने त्याचे गुणोत्तर घटत नाही. येथे अनेक विद्यार्थी थांबतात आणि सिद्धता झाली असे समजतात. ते म्हणतात की A चा k-वा आयगेनसदिश घेतला, त्याचे गुणोत्तर λₖ होते, B मिळवल्यावर ते वाढले, म्हणून k-वे आयगेनमूल्य वाढले. या युक्तिवादातील अडचण अशी की, तो सदिश आता A + B चा आयगेनसदिश राहीलच असे नाही. B मिळवल्यावर आयगेनसदिश सहसा फिरतात. आपल्या उदाहरणात (१, १) च्या जागी (१, २) आला आणि (१, −१) च्या जागी (२, −१) आला. जुन्या सदिशाचे नवे गुणोत्तर वाढले, एवढ्यावरून नवे k-वे आयगेनमूल्य कुठे आहे ते कळत नाही.

दोन टोकांना मात्र ही अडचण सहज दूर होते, आणि ती कशी दूर होते हे पाहण्यासारखे आहे. सर्वांत मोठ्या आयगेनमूल्यासाठी जुना सदिशच पुरतो: A चा शेवटचा आयगेनसदिश v घेतला, तर R(A, v) = λₙ(A), B मिळवल्यावर ते तेवढेच राहते किंवा वाढते, आणि कोणतेही गुणोत्तर λₙ(A + B) पेक्षा मोठे नसते. उदाहरणात (१, −१) वर हे पाहा. जुने गुणोत्तर ३, नवे (३.५ + २ + २) / २ = ३.७५, आणि नवे सर्वांत मोठे आयगेनमूल्य ४. सर्वांत लहान आयगेनमूल्यासाठी मात्र जुना सदिश कामाचा नाही, तेथे नवा सदिश घ्यावा लागतो. A + B चा पहिला आयगेनसदिश (१, २) आहे, त्याचे नवे गुणोत्तर १.५. त्याच सदिशाचे A मधील गुणोत्तर (२ − ४ + ८) / ५ = १.२. ते १.५ पेक्षा लहान आहे, आणि १ च्या खाली ते जाऊ शकत नाही. १, १.२, १.५ ही एक साखळी आणि ३, ३.७५, ४ ही दुसरी. वरच्या टोकाला आपण जुन्याकडून नव्याकडे गेलो आणि खालच्या टोकाला नव्याकडून जुन्याकडे आलो.

मधल्या आयगेनमूल्यांसाठी ना जुना सदिश पुरतो, ना नवा. तेथे एक असा सदिश लागतो, जो जुन्या बाजूनेही योग्य आहे आणि नव्या बाजूनेही, आणि असा सदिश असतोच हे मितींच्या मोजणीवरून ठरते. k ही संख्या ठरवून घ्या. A + B चे पहिले k आयगेनसदिश घेऊन त्यांच्या सर्व संयोगांचा उपावकाश बनवा. याची मिती k आहे, आणि त्यातील प्रत्येक सदिशाचे A + B मधील गुणोत्तर λₖ(A + B) पेक्षा मोठे नाही, कारण त्या सरासरीत पहिलीच k आयगेनमूल्ये आली आहेत. दुसरीकडे A चे k-व्यापासून n-व्यापर्यंतचे आयगेनसदिश घेऊन दुसरा उपावकाश बनवा. याची मिती n − k + 1 आहे, आणि त्यातील प्रत्येक सदिशाचे A मधील गुणोत्तर λₖ(A) पेक्षा लहान नाही. दोन मितींची बेरीज n + 1 झाली. सगळा अवकाश n मितींचा आहे, म्हणून हे दोन उपावकाश फक्त शून्य सदिशापाशी भेटून थांबू शकत नाहीत: त्यांच्यात शून्य नसलेला एखादा सदिश x सामाईक असलाच पाहिजे. तो x घेऊन आता साखळी लिहा.

```
λₖ(A) ≤ R(A, x) ≤ R(A + B, x) ≤ λₖ(A + B)
```

पहिली असमता x दुसऱ्या उपावकाशात आहे म्हणून, मधली B धन-अर्धनिश्चित आहे म्हणून, आणि शेवटची x पहिल्या उपावकाशात आहे म्हणून. सिद्धता येथे पूर्ण झाली. या सामाईक सदिशाची कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण आयगेनसदिश कसे फिरले, किती फिरले, याचा एक शब्दही न काढता ती नेमके उत्तर देते. अर्न्स्ट फिशर यांनी १९०५ मध्ये आणि रिशार्ट कूरांट यांनी १९२० मध्ये आयगेनमूल्यांचे जे लघुतम-महत्तम वर्णन दिले, त्यातूनही हे विधान लगेच निघते, पण केवळ या एका असमतेसाठी ते सगळे उभारण्याची गरज नाही.

मधले आयगेनमूल्य दिसावे म्हणून तीन ठोकळ्यांचे उदाहरण थोडक्यात पाहू. दोन भिंतींच्या मध्ये तीन ठोकळे आणि चार स्प्रिंगा, सगळे स्थिरांक आणि वस्तुमाने १. कर्णावर २ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना −१ अशी मॅट्रिक्स मिळते, आणि तिची आयगेनमूल्ये २ − √२, २ आणि २ + √२, म्हणजे सुमारे ०.५८६, २ आणि ३.४१४ अशी आहेत. आता मधल्या ठोकळ्याला जमिनीशी बांधलेल्या एका चौकटीला स्थिरांक १ च्या स्प्रिंगेने जोडा, म्हणजे कर्णावरच्या मधल्या २ चे ३ करा. नवी आयगेनमूल्ये नेमकी १, २ आणि ४ येतात. बेरीज ६ ची ७ झाली, हेही जुळते.

येथे मधले आयगेनमूल्य जागचे हलले नाही, आणि त्याचे कारण स्पष्ट आहे. त्याचा सदिश (१, ०, −१) आहे. त्या कंपनात मधला ठोकळा स्थिरच असतो, म्हणून नवी स्प्रिंग कधी ताणली जात नाही, आणि जी स्प्रिंग ताणली जात नाही ती वारंवारता बदलत नाही. शीर्षकात मी 'घटत नाहीत' असे म्हटले आहे आणि 'वाढतात' असे म्हटलेले नाही, ते याचसाठी. B जर धन-निश्चित असेल, म्हणजे शून्य नसलेल्या प्रत्येक सदिशासाठी xᵀBx धनच येत असेल, तर साखळीतील मधली असमता काटेकोर होते आणि प्रत्येक आयगेनमूल्य खरोखर वाढते. B केवळ अर्धनिश्चित असेल, तर काही आयगेनमूल्ये जागीच राहू शकतात.

किती वाढतात, हाही प्रश्न याच सिद्धतेने सुटतो. B चे सर्वांत मोठे आयगेनमूल्य β असेल, तर βI − B ही मॅट्रिक्ससुद्धा धन-अर्धनिश्चित असते. म्हणजे A + B मध्ये ती मिळवली की A + βI मिळते, आणि आत्ताच सिद्ध केलेल्या विधानानुसार λₖ(A + B) हे λₖ(A) + β च्या वर जात नाही. दोन ठोकळ्यांच्या उदाहरणात β = १.५ होता आणि वाढी ०.५ आणि १ होत्या, म्हणजे दोन्ही मर्यादेत.

एकच स्प्रिंग जोडली असेल तर याहून कडक मर्यादा मिळते. एका स्प्रिंगेची मॅट्रिक्स bbᵀ या रूपाची असते, आणि b ला लंब असलेल्या सदिशांवर तिचा काहीच परिणाम होत नाही. अशा सदिशांचा उपावकाश n − 1 मितींचा असतो. मघाची मितींची मोजणी या तिसऱ्या उपावकाशासह पुन्हा केली, तर λₖ(A + bbᵀ) ≤ λₖ₊₁(A) असे मिळते. म्हणजे एकच स्प्रिंग कितीही ताठ केली तरी k-वे आयगेनमूल्य जुन्या (k + 1)-व्याच्या पुढे सरकू शकत नाही. आपल्या दोन ठोकळ्यांच्या उदाहरणात १.५ च्या जागी t हा कोणताही स्थिरांक ठेवून पाहा.

```
λ = ( 4 + t ± √(t² + 4) ) / 2
```

t = ० असताना १ आणि ३ मिळतात, t = १.५ असताना १.५ आणि ४. t = १०० केला तर लहान आयगेनमूल्य सुमारे १.९९ येते, आणि t कितीही वाढवला तरी ते २ च्या खालीच राहते. हा २ कोठून आला तेही सांगता येते: अतिशय ताठ स्प्रिंगेमुळे पहिला ठोकळा भिंतीला जणू चिकटतो, आणि उरलेला एकटा ठोकळा दोन स्प्रिंगांच्या मध्ये हलतो, त्याचे आयगेनमूल्य २. मोठे आयगेनमूल्य मात्र t सोबत अमर्याद वाढत जाते.

आता अटींकडे या. पहिला गैरसमज असा की, B चे सर्व घटक धन असले म्हणजे ती धन-अर्धनिश्चित झाली. हे खरे नाही, आणि त्याचे मला आवडणारे उदाहरण A शीच जोडलेले आहे.

```
C = [ 1  2 ]        A + C = [ 3  1 ]
    [ 2  1 ]                [ 1  3 ]
```

C चे सगळे घटक धन आहेत, पण तिचा निश्चयक १ − ४ = −३ आहे, म्हणून तिचे एक आयगेनमूल्य ऋण असणारच. तिची आयगेनमूल्ये ३ आणि −१ आहेत. आता A + C ची आयगेनमूल्ये काढली तर ४ आणि २ येतात. जुनी १ आणि ३ होती, नवी २ आणि ४ आहेत: चढत्या क्रमाने लावून पाहिले तर दोन्ही वाढली! म्हणजे आयगेनमूल्ये वाढली यावरून मिळवलेली मॅट्रिक्स धन-अर्धनिश्चित होती, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. आत काय घडले ते सदिशांवरून कळते. (१, १) या दिशेचे मूल्य १ वरून ४ वर गेले, आणि (१, −१) या दिशेचे ३ वरून २ वर उतरले. एक दिशा खाली आली, पण क्रम लावताना दुसरी तिला ओलांडून वर गेली होती, म्हणून यादीत ही घट दिसली नाही. आपली असमता क्रमाने लावलेल्या यादीविषयी बोलते, एखाद्या दिशेचा मागोवा ती घेत नाही, ही गोष्ट येथे उघड होते. हीच C शून्य मॅट्रिक्समध्ये मिळवली तर ० आणि ० ची −१ आणि ३ होतात आणि घट लगेच दिसते. म्हणून एका A वर तपासून B विषयी निर्णय देऊ नये. प्रत्येक A साठी आयगेनमूल्ये घटत नसतील तर मात्र B धन-अर्धनिश्चित असलीच पाहिजे, कारण त्या 'प्रत्येक' मध्ये A = 0 हीसुद्धा येते.

दुसरी अट A च्या सममितीची. ती सोडली की विधान राहत नाही.

```
M = [ 0  4 ]     B = [ 1  1 ]     M + B = [ 1  5 ]
    [ 0  0 ]         [ 1  1 ]             [ 1  1 ]
```

येथे B धन-अर्धनिश्चित आहे, तिची आयगेनमूल्ये ० आणि २. M ची दोन्ही आयगेनमूल्ये ० आहेत. M + B ची मात्र १ − √५ आणि १ + √५, म्हणजे सुमारे −१.२४ आणि ३.२४ आहेत. लहान आयगेनमूल्य शून्याखाली गेले. सिद्धतेतील कोणता दुवा तुटला तेही सांगता येते: M ला परस्पर लंब असा आयगेनसदिशांचा पूर्ण संच नाही, म्हणून R(M, x) हे तिच्या आयगेनमूल्यांची भारित सरासरी राहत नाही. (१, १) साठी ते गुणोत्तर २ येते, जरी दोन्ही आयगेनमूल्ये शून्य असली तरी.

हे सगळे संगणकावर तपासायचे असेल तर पायथनमध्ये चार-पाच ओळी पुरतात, पण त्यातही एक सापळा आहे.

```
import numpy as np
A = np.array([[2., -1.], [-1., 2.]])
B = np.array([[1.5, 0.], [0., 0.]])
print(np.linalg.eigvalsh(A))
print(np.linalg.eigvalsh(A + B))
```

`eigvalsh` हे फलन सममित मॅट्रिक्ससाठी आहे आणि ते आयगेनमूल्ये चढत्या क्रमाने देते, म्हणून दोन याद्या सरळ एकाखाली एक ठेवून तुलना करता येते. `eigvals` हे सर्वसाधारण फलन क्रमाची कोणतीही हमी देत नाही, तेव्हा ते वापरून तुलना केली तर न झालेली घट दिसू शकते. सापळा मात्र `eigvalsh` मध्ये आहे. दिलेली मॅट्रिक्स सममित आहे की नाही हे ते तपासत नाही. ते कर्ण आणि त्याखालचा भाग वाचते आणि वरचा भाग त्यासारखाच असेल असे गृहीत धरते. आत्ताची असममित M त्याला दिली तर ते ती शून्य मॅट्रिक्स समजते, आणि M + B दिली तर ० आणि २ असे उत्तर देते. म्हणजे जेथे विधान खोटे ठरते, नेमके तेथेच ते खरे ठरल्यासारखे दिसते. म्हणून आधी A आणि तिची परिवर्त मॅट्रिक्स यांची तुलना करून घ्यावी.

शेवटची बाब पूर्णांकनाची आहे. तीन ठोकळ्यांच्या उदाहरणात मधले आयगेनमूल्य २ चे २ च राहते, पण संगणक एकदा २ पेक्षा पंधराव्या-सोळाव्या दशांश स्थानावर किंचित अधिक आणि दुसऱ्यांदा किंचित कमी संख्या देऊ शकतो, आणि फरक ऋण येऊ शकतो. एवढ्यावरून असमता मोडली असे समजू नये. किती ऋण फरक सोडून द्यायचा, हे ठरवण्यासाठी वेगळ्या नियमाची गरज नाही. चांगल्या पद्धतीने काढलेली आयगेनमूल्ये ही जणू A च्या जागी A + E ची असतात, जेथे E ही छोटी सममित चूक आहे. E च्या आयगेनमूल्यांचे सर्वांत मोठे केवलमूल्य ε असेल, तर εI + E आणि εI − E या दोन्ही धन-अर्धनिश्चित आहेत, आणि आपले विधान त्या दोघींना लावले की

```
λₖ(A) − ε ≤ λₖ(A + E) ≤ λₖ(A) + ε
```

मिळते. दुहेरी अचूकतेत ε साधारणपणे १०⁻¹⁶ गुणिले A च्या आयगेनमूल्यांचे सर्वांत मोठे केवलमूल्य या पातळीवर असतो, आणि मॅट्रिक्स मोठी असेल तर त्याच्या काही पट. तुलनेत दोन याद्या असल्याने चूक दोन्ही बाजूंनी येते, म्हणून आढळलेली घट दोन्ही यादींच्या ε च्या बेरजेपेक्षा लहान असेल तर ती पूर्णांकनाची समजावी. त्याहून बरीच मोठी असेल तर A च्या सममितीकडे किंवा B च्या अर्धनिश्चिततेकडे पुन्हा पाहावे, कारण दोन्ही अटी पाळल्या असतील तर एवढी घट होऊ शकत नाही.